चार अक्षरं सुकेपर्यंत

गोंदणं करणाऱ्या बाईला लोक दोनदाच आठवतात. एकदा गोंदून घ्यायचं असतं तेव्हा, आणि एकदा हात सुजतो तेव्हा. मधल्या काळात ती कोणाची कोणी नसते. मला याचं कधी वाईट वाटलं नाही. धंदा आहे. पण हात सुजला की तो माझ्या सुईनेच सुजला, हे मी कधी मुकाट्याने ऐकून घेतलं नाही.

माझी आई सुयांची जुडी दोऱ्याने बांधून, दिव्याच्या काजळीने गोंदायची. मी मशीन घेतलं. बॅटरीवर चालणारं, भुंग्यासारखं आवाज करणारं. राजुऱ्यापासून सिंदेवाहीपर्यंतचे आठवडी बाजार आणि हिवाळ्यातल्या जत्रा, एवढा माझा मुलूख. पत्र्याची पेटी, दोन पाट, डोक्यावर ताडपत्री. जत्रेत माझ्या शेजारी बसणारे गडी एकाच सुईने दिवसभर गोंदायचे आणि मधून मधून ती फडक्याला पुसायचे. मी सुया घरून प्रेशर कुकरमध्ये शिजवून आणायची आणि प्रत्येक हाताला वेगळी सुई लावायची. काम झालं की गिऱ्हाइकाच्या समोर ती मोडून डब्यात टाकायची. शाईही बाटलीच्या टोपणात काढून घ्यायची, उरलेली फेकून द्यायची. शेजारचे हसायचे. "बाई सुईले जेवण बनवून राह्यली," म्हणायचे. हसा म्हटलं.

ती पोरगी मला तळ्याकाठच्या एका गावच्या बाजारात भेटली. सिंदेवाहीकडे असली तळ्यांची गावं बरीच आहेत. तळ्यात मासे धरायचे, बाजारात विकायचे, धानाच्या दिवसांत रोवणीला जायचं. ती अशाच एका मासेमारी करणाऱ्या घरची सून होती. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालेलं. हाताला मासळीचा वास, पदर खोचलेला. पाटावर बसली आणि उजवा हात पुढे केला.

"नाव लिहून पायजे, बाई."

"नवऱ्याचं?"

"नाई."

"भावाचं?"

"माझं."

मी मशीनची वायर जोडत होते, थांबले. गावात बाया नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत, म्हणून हातावर घालून घेतात. काही जणी भावाचं घालतात, म्हणजे माहेर जवळ राहतं. स्वतःचं नाव मागणारी मला तोवर भेटली नव्हती.

तिने सांगितलं ते चार अक्षरी नाव मी पेनाने तिच्या हातावर लिहून दाखवलं. तिला वाचता येत होतं. मान हलवली. मग म्हणाली, "हे माहेरचं नाव हाये. लगनात बदलवलं. आता सारे दुसऱ्याच नावानं हाका मारते. मले कधी कधी समजतच नाई का मलेच बोलावून राह्यले."

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. तांदळात अंगठीने नवीन नाव लिहितात, पेढे वाटतात, झालं. माझंही बदललं होतं. मी त्यावर कधी विचार केला नव्हता, मला त्यासाठी वेळही नव्हता. पण तिने केला होता, आणि हात तिचा होता. मी लिहिलं. कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला, चार अक्षरं आणि वर रेघ. तिने एकदाही हात मागे घेतला नाही. शेवटच्या अक्षराच्या टोकाला तेवढं "माय व" म्हणाली.

काम झाल्यावर मी सगळ्यांना सांगते तेच तिला सांगितलं, आणि बाजारातल्या बाकी बायांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. हे ताजं गोंदण म्हणजे जखम आहे. खरचटलेल्या गुडघ्यासारखी. आज-उद्या लाल राहील, थोडी सुजेल, पाण्यासारखा रस येईल, त्यात शाईही येईल. घाबरायचं नाही. उकळून गार केलेलं पाणी आणि साधा साबण, हात स्वच्छ धुऊन मग हलकेच धुवायचं, स्वच्छ फडक्याने टिपायचं, पुसायचं नाही. तळ्यात हात घालायचा नाही. हळद नको, शेण नको, राख नको, पावडर नको, टूथपेस्ट नको. स्पिरिट ओतायचं नाही. खाजेची ट्यूब मिळते ना दुकानात, गोरं व्हायला लावतात ती, तीसुद्धा नको. घट्ट मलम थापून वर फडकं आवळायचं नाही, आतल्या आत उबतं. कातडी कोरडी होऊन ताठली की खोबरेल तेलाचं एक बोट, तेही पुसट. मग पापुद्रे निघतील. निघू द्यायचे. ओढायचे नाहीत, खाजवायचे नाहीत.

"तळ्यात हात नाई घालायचा त खायचं काय?" शेजारची एक म्हातारी म्हणाली.

"दुसऱ्या हातानं खा," मी म्हणाले. सगळ्या हसल्या. पोरगीही हसली.

पुढच्या आठवड्यात त्याच बाजारात मी पेटी उघडत होते तोवर समोरून सासू आली. मागे ती पोरगी, हात पदरात गुंडाळलेला. सासू म्हणजे हाडाने काटक, आवाजाने मोठी बाई. तिने माझ्या पाटावर पाय ठेवला.

"हे पाय. पाय तुह्या सुईचं काम. सून सडली माझी."

बाजार जमायला वेळ लागत नाही. भाजीवाल्या उठल्या, मिरचीवाला उठला. कोणीतरी म्हणालं, ही मशीनवाली बंदच करायला पाहिजे. दुसरा म्हणाला, हिला इथे बसू देऊ नका. मी पोरीला म्हटलं, "बस. पदर काढ."

तिने पदर काढला. मी हात उजेडाकडे धरला, जखमेला बोट न लावता.

शेवटची दोन अक्षरं सोलत होती. कांद्याच्या सालीसारखे पातळ पापुद्रे, कडेने उचललेले, त्यात काळपट शाई. खाली नवीन कातडी, गुळगुळीत, थोडी चकाकणारी, आणि तिच्यातून अक्षर दुधाच्या सायीखालून दिसावं तसं फिकट दिसत होतं. कोरडं. आजूबाजूला लाली नाही. जसं व्हायला पाहिजे तसं.

पहिली दोन अक्षरं दिसतच नव्हती. तिथे फोड होते, काही फुटलेले, कडेला डांबरासारखा काळा डाग आणि पिवळट पू. त्याभोवती कातडी लाल, ताठ, तापलेली. मी हाताची पाठ जवळ नेली तर ऊब लागली.

एकाच हातावर, एकाच सुईने, एकाच शाईने लिहिलेल्या चार अक्षरांपैकी दोन धड आणि दोन सडलेली. मला लगेच कळलं. तो काळा डाग मी धोब्याने खूण घातलेल्या कपड्यांवर शंभरदा पाहिला आहे.

"बिब्बा कोणी लावला?" मी विचारलं.

पोरीने मान खाली घातली. सासू म्हणाली, "बिब्ब्याचं काय मदीच? सुई तुही, शाई तुही."

"मी तुम्हाला नाही विचारत. हिला विचारते. बिब्बा कोणी लावला?"

"म्या," पोरगी म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सुरुवातीचे दिवस तिने मी सांगितल्याप्रमाणे काढले होते. सूज उतरली, लाली उतरली. मग पापुद्रे सुटायला लागले. सासूने एक सुटलेला पापुद्रा बोटावर घेतला, त्यातली काळी रेघ पोरीच्या नवऱ्याला दाखवली आणि म्हणाली, "पाय, अंगानं हे नाव ठेवलं नाई. आमच्या घरी ह्या नावाची बाईच नाई, त राहीन कसं?" रोज सकाळी ती अंथरुणावर पडलेले काळे तुकडे गोळा करून दाखवायची. नाव चाललं, नाव चाललं.

पोरगी घाबरली. तिला वाटलं, खरंच चाललं. मग तिला धोबी आठवला. बिब्ब्याच्या तेलाची खूण कपड्यावरून कितीही धुतली तरी जात नाही. घरात वळचणीला बिब्बे लटकवलेले होतेच, जंगलातून आणलेले. तिने एक बिब्बा चुलीवर तापवला, सुईने टोचला आणि बाभळीच्या काट्याने ते काळं तेल अक्षरांवर गिरवायला लागली. दोन अक्षरं झाली. इतकं जळलं की तिसऱ्याला काटा लावता आला नाही. दुसऱ्या दिवशी खाज सुटली, फोड उठले. तरी त्याच हाताने तळ्यात जाळं ओढलं, कारण दिवस मासेमारीचे होते आणि कोणी तिला घरी बस म्हटलं नाही. फोड फुटले, तळ्याचं पाणी आत गेलं.

"ऐकलं?" मी जमलेल्या लोकांना म्हटलं. "ही दोन अक्षरं बघा. हिने काही लावलं नाही. सोलून राह्यली, बरी होऊन राह्यली. पापुद्र्यात शाई येतेच, तो वरच्या कातडीचा मळ आहे. नाव खालच्या कातडीत बसलं आहे. साप कात टाकतो तेव्हा साप जातो काय?"

मिरचीवाला म्हणाला, "ते त बराबर हाये." गर्दी थोडी पातळ झाली. सासू मात्र हलली नाही.

"बरं, बिब्बा त बिब्बा. घरी कडुलिंब बांधतो. हळद भरतो. दोन दिवसात बसते. चाल."

"हळद नाही, कडुलिंब नाही. हिला दवाखान्यात न्यायचं आहे, आत्ता."

"आत्ता! घरी मासे पडले हायेत. दवाखाना कायले? बिब्बा उतलेला म्या कितीदा पायला."

"बिब्बा उतला, अंगावर फुटला, तर खाजतं. हे ठणकतं." मी पोरीला विचारलं, "ठणकतं ना? रात्री जास्त?"

"झोप नाई येत, बाई."

"काल जास्त होतं का आज?"

"आज."

एवढंच मला ऐकायचं होतं. गोंदण रोज थोडं थोडं बरं होत जातं. जे रोज थोडं थोडं वाईट होत जातं, ते गोंदण सुकणं नव्हे. मी तिच्या काखेत बोट घातलं; तिथे सुपारीएवढी गाठ होती, दाबली तशी ती कळवळली.

दवाखान्याकडे जाणारी बस दुपारनंतर होती. सासू म्हणाली, तोवर सून घरी येईल, काम करेल. मी म्हटलं, नाही. इथेच बसेल, माझ्या ताडपत्रीखाली. सासू म्हणाली, तू कोण आडवणारी? मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना माझ्या सुईने सडली, मग मीच बघते.

मग मी माझा साधा बॉलपेन काढला. लाली जिथे संपत होती तिथून कडेकडेने हातावर रेघ ओढली, कुंपणासारखी.

"आता हे पाहा," मी सासूला म्हटलं. "तुम्ही म्हणता बसून राह्यलं. बसत असेल तर लाली या रेघेच्या आत राहील, आणि मी पेटी उचलून जाईन, पुन्हा या गावात येणार नाही. बाहेर आलं तर तुम्ही बोलायचं नाही."

"तुह्यासंग कोन पैजा लावून राह्यली," ती म्हणाली, पण बसली. तिला उठून जाता येईना. सुनेला माझ्याजवळ एकटं सोडून जाणंही तिला पटत नव्हतं, आणि मी खोटी ठरेन ते बघायचंही होतं. तिने आपली माशांची टोपली कोणाकडून तरी मागवून घेतली आणि माझ्या पाटाशेजारीच विकायला बसली. त्या दिवशी माझ्याकडे गोंदायला कोणी आलं नाही. माशांच्या वासाने असेल किंवा भांडणाने. मी हात उंच ठेवायला सांगितला, उशीसारखं माझ्या पेटीवर. फुटलेल्या फोडांना हात लावला नाही, उरलेले फोडलेही नाहीत. फक्त स्वच्छ धुतलेलं सुती फडकं सैल टाकलं, माश्या बसू नयेत म्हणून.

सासू दर थोड्या वेळाने फडकं उचलून बघायची. पहिल्यांदा म्हणाली, "हाये आतच." दुसऱ्यांदाही तेच म्हणाली, जरा जोरात, लोकांना ऐकू जाईल असं. तिसऱ्यांदा फडकं उचलून तशीच वाकून राहिली.

मी जाऊन पाहिलं. कोपराच्या बाजूला लाली रेघ ओलांडून नखभर पुढे गेली होती. पोरीचे दात वाजायला लागले होते. भर उन्हात ती पदर अंगाभोवती ओढत होती.

सासूने टोपलीतले उरलेले मासे शेजारणीकडे ढकलले. "पाय वं जरा. म्या येतो." मग माझ्याकडे बघून, "किती वाजता येते तुयी बस?"

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या, कामाने थकलेल्या आणि फटकळ. मला पाहताच म्हणाल्या, "तुम्ही गोंदता? सुया कशा वापरता?" मी सांगितलं. कुकरचं सांगितलं, मोडलेल्या सुयांचा डबा दाखवला. तो मी पिशवीत घेऊनच आले होते. त्यांनी डबा उघडून पाहिला, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "ठीक. पण बिब्बा काय विचार करून लावला?" पोरीने धोब्याचं सांगितलं. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि उघडले. नर्सने मीठपाण्याने जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, दुसरं दंडात दिलं, कॅप्सूल दिल्या. पूर्ण संपवायच्या, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. दोन दिवसांनी परत दाखवायचं, ताप वाढला किंवा हातावरून लाल रेषा वर चढताना दिसली तर त्याआधी.

"ही पेनाची रेघ कोणी मारली?"

"म्या नाई," सासू पटकन म्हणाली.

"चांगली मारली. आता इथे दुसरी मारते. याच्या बाहेर गेलं तर लगेच आणा. आत आत जायला लागलं तर औषध लागू पडतंय." डॉक्टरांनी नवी रेघ ओढली आणि सासूला म्हणाल्या, "आजी, तुम्ही लक्ष ठेवायचं. आणि त्यावर काही लावायचं नाही. काहीही नाही. तुमच्या घरातल्या बिब्ब्यांचं काय करायचं ते तुम्ही बघा."

परतीच्या बसमधून गावात उतरताना सासू म्हणाली, "वाचलं त वाचलं. नाव त गेलंच ना ते."

"दोन अक्षरं गेली असतील," मी म्हटलं. "दोन पक्की आहेत."

तो बाजार मी सोडला नाही. पुढच्या आठवड्यात गेले, त्याच जागी ताडपत्री लावली. मिरचीवाल्याने जागा धरून ठेवली होती. गोंदायला बाया आल्या, आणि एक जण पाटावर बसल्या बसल्या म्हणाली, "म्या घरी जाऊन टूथपेस्ट लावतो, गार लागते." मी तोंड उघडायच्या आत पलीकडच्या मासळीच्या टोपलीमागून आवाज आला, "काई नोको लावू वं. पाण्यानं धू अन् गुमान सुकू दे. नाई त दवाखान्यात बसशीन." मी तिकडे पाहिलं नाही. तिनेही माझ्याकडे पाहिलं नाही.

लाली आत आत गेली, मग गेलीच. फोड सुकले, खपली आली, खपली पडली. बिब्ब्याचा काळा डागही कातडीबरोबर निघून गेला. तो टिकला नाही, टिकणार होतं ते टिकलं. पण पहिल्या दोन अक्षरांच्या जागी जे उरलं ते वाचण्यासारखं नव्हतं. एक काना, थोडी वरची रेघ, बाकी गुलाबी, सुरकुतलेली कातडी. शेवटची दोन अक्षरं मात्र काळीभोर बसली, जशी मी लिहिली तशी. पोरगी ती मला बाजारात दाखवायची, मासे मोजता मोजता बाही वर करून.

"पुन्हा लिहून देता?" तिने एकदा विचारलं.

"आत्ता नाही. जखमेवर सुई चालवत नाही मी. गुलाबीपण जाऊ दे, खाज थांबू दे, कातडी चिमटीत मऊ लागू दे. मग बघू."

तिने वाट पाहिली. मीही घाई केली नाही. असल्या कातडीवर घाई केली की शाई फुटते आणि अक्षराचा डाग होतो. पावसाळा गेला, धान कापून झालं. मग एका बाजाराला सासूच तिला घेऊन आली. पोरगी पाटावर बसली. सासू तिच्या मागे उभी राहिली, हात कमरेवर.

मी अंगठ्याने कातडी दाबून पाहिली. सपाट होती, फिकट, मऊ. बसेल, असं वाटलं.

"काय करू?" मी पोरीला विचारलं. पण उत्तर मागून आलं.

"पुरं कर," सासू म्हणाली. "अर्धं नाव घेऊन फिरून राह्यली बाजारात. लोकं वाचते अन् हासते. अर्ध्या नावाची बाई कशी राहीन घरात?"

"पूर्ण नावाची बाई राहील काय मग?" मी विचारलं.

"तू सुई चालव. लय बोलतं तू."

मी नवीन सुई लावली, टोपणात शाई काढली. जुना काना धरून पहिली दोन अक्षरं हळू लिहिली. कातडी ताणून धरावी लागली, जखमेची कातडी शाई उशिरा घेते. सासू वाकून बघत होती, इतकी जवळ की तिची सावली माझ्या हातावर पडत होती, आणि मला दोनदा "सरा" म्हणावं लागलं.

सुई मोडून डब्यात टाकताना मी सहज विचारलं, "तुमचं माहेरचं नाव काय होतं हो?"

"तुले काय करायचं?" ती म्हणाली. मग सुनेला म्हणाली, "उठ. तळ्यावर जायचं नाई आज. मासे म्या धरतो. अन् त्या हाताले काही लावशीन त पाय."

पुढच्या आठवड्यात पापुद्रे निघाले. चारही अक्षरांचे नाही, पहिल्या दोन अक्षरांचेच. कोणी ते गोळा केले नाहीत.